‘आई, पुस्तकातलं नको ना बोलूस’

ताई, मुलगी नववीत आहे, १४ पूर्ण झाली. वर्षभरापूर्वीपर्यंत शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी बडबड सुरू व्हायची, आता "कसा गेला दिवस" विचारलं की "ठीक", "काय झालं" विचारलं की "काही नाही". रात्री एक-दीडपर्यंत फोन, सकाळी उठवताना रोज भांडण. मध्येच येऊन मांडीवर डोकं ठेवते आणि पाच मिनिटांत कशावरून तरी भडकून दार आपटते. बाबांनी एकदा फोन हिसकावून घेतला तर आठवडाभर दोघं बोलत नव्हते. मी पॅरेंटिंगची तीन-चार पुस्तकं मागवली, त्यातली वाक्यं वापरून बघितली तर म्हणाली, "आई, पुस्तकातलं नको ना बोलूस." मिस्टर म्हणतात ही अमेरिकेतली पुस्तकं, आपल्याकडे काही उपयोग नाही. नक्की कुठलं वाचू? की सोडून देऊ सगळं?
— एक आई, डोंबिवली

सोडून देऊ नका, पण अजून ढीगही वाढवू नका. दोनच पुस्तकं धरा, एक फक्त स्वतःसाठी वाचायचं आणि एक वापरण्यासाठी, आणि या दोघांची सरमिसळ करायची नाही, कारण माझा अंदाज आहे की तुमच्याकडे तेच झालंय. मुलांच्या मनात काय चालतं हे समजावणारं पुस्तक वाचून आपण त्यातलं ज्ञान मुलांनाच ऐकवायला लागतो, आणि बोलायचं कसं हे शिकवणारं पुस्तक मात्र कादंबरीसारखं वाचून बाजूला ठेवतो. मी शाळेत समुपदेशक आहे आणि पालकांचा एक वाचनगटही चालवते, तिथे हे इतकं दिसतं की पुस्तकाचं नाव सांगायच्या आधी मी ते कशासाठी वाचायचं तेच सांगते.

स्वतःसाठीचं पुस्तक म्हणजे लिसा डेमूर यांचं ‘अनटँगल्ड’. २०१६ चं आहे, मुलींच्या किशोरवयावरच आहे, आणि लेखिका अनेक वर्षं मुलींसोबत काम करणारी मानसशास्त्रज्ञ आहे. (मुलगा असलेल्या पालकांनी तिचंच २०२३ चं ‘द इमोशनल लाइव्ह्ज ऑफ टीनेजर्स’ घ्यावं, ते दोघांसाठी आहे.) सगळं सलग वाचायची गरज नाही. सात प्रकरणं आहेत, तुम्ही पहिलं आणि तिसरं वाचा, पहिलं बालपण मागे सोडण्याबद्दल आहे आणि तिसरं भावना सांभाळायला शिकण्याबद्दल. मांडीवर डोकं आणि पाच मिनिटांत दार, याचं उत्तर पहिल्याच प्रकरणात आहे. ती म्हणते मुलगी म्हणजे स्विमिंग पूलमध्ये पोहणारी, आईबाप म्हणजे त्या पूलची भिंत. पोहून दमली की ती भिंतीला येऊन धरते, श्वास घेते, आणि दम आला की तीच भिंत पायाने जोरात ढकलून परत पाण्यात जाते. तो धक्का भिंतीवरच्या रागाचा नसतो, पाण्यात परत जायला तो लागतोच. आणि मांडीवर डोकं ठेवल्यावर तिला स्वतःलाच एकदम लहान झाल्यासारखं वाटतं म्हणून तो धक्का नेमका प्रेमाच्या क्षणानंतर आणि जरा जास्तच जोरात येतो. हे कळलं की निदान "मी आत्ता काय चुकीचं बोलले" हे रात्रभर शोधत बसणं थांबतं, आणि मला वाटतं पहिल्या पुस्तकाकडून एवढंच अपेक्षित आहे. हे तिला समजावून सांगायचं नाही. "तू मला ढकलतेयस ना, मला माहितीये" असं म्हणालात तर संपलंच.

तिसऱ्या प्रकरणात अजून एक गोष्ट आहे ती तुमच्या घरात नक्की घडत असणार. मुलं कधीकधी नको असलेली भावना आपल्याकडे अक्षरशः सोपवून जातात. म्हणजे गणिताचा पेपर वाईट गेला, घरी येताना दारातूनच "मी नापास होणारे, मला सायन्स नाही मिळणार" असं म्हणून मुलगी खोलीत जाते, तुम्ही संध्याकाळभर काळजीने अर्धमेल्या, क्लासच्या सरांना फोन, नवऱ्याला फोन, आणि नऊ वाजता ती मस्त हसत जेवायला येते. तुम्ही विषय काढला की "अगं झालं ते, तू का एवढं करतेस". तिची काळजी तुम्ही उचललीत म्हणून ती मोकळी झाली, म्हणजे जे व्हायला हवं होतं ते झालं. अशा वेळी लगेच तोडगा काढायला धावायचं नाही. आधी "मी काही करू की नुसतं ऐकू?" एवढं विचारायचं, आणि बहुतेक वेळा उत्तर "नुसतं ऐक" हेच येतं. डेमूरच्या लिखाणात मला सगळ्यात पटलेला मुद्दा हा की मन निरोगी असणं म्हणजे कायम छान वाटणं नव्हे, परिस्थितीला धरून भावना येणं आणि त्या बऱ्यापैकी सांभाळता येणं. मैत्रिणीने ग्रुपमधून काढल्यावर मुलगी दोन दिवस रडली तर ती ठीक आहे. नाहीच रडली, हूं की चूं केलं नाही, तर मी जास्त लक्ष ठेवीन.

मूडबद्दल बोलतोय तर झोपेचं इथेच सांगते, कारण पुस्तकांवर हजार रुपये घालवणारे पालक याच्याकडे बघतच नाहीत. फ्रान्सिस जेन्सन नावाच्या न्यूरॉलॉजिस्ट बाईंचं ‘द टीनेज ब्रेन’ (२०१५) आहे, ते आख्खं नाही वाचलंत तरी चालेल पण झोपेवरचा भाग वाचा. किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, त्यामुळे दहाला या मुलांना खरंच झोप येत नाही, तो आगाऊपणा नसतो. पण झोपेची गरज मात्र आठ ते दहा तास असतेच. आता सातची शाळा म्हणजे पावणेसहाला उठायचं, रात्री दीडला झोपली तर हातात सव्वाचार तास. एवढ्या झोपेवर तुम्ही आम्ही ऑफिसमधे कुणाशी नीट बोललो असतो का? २०२४ मध्ये आपल्या सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं, चांगलंच केलं, पण सकाळी उठणं ज्यांना शरीरानेच सगळ्यात जड जातं ती आठवी ते दहावीची मुलं अजून अंधारात रिक्षाची वाट बघत असतात. म्हणून मी सांगते, आधी झोप वाढवून बघा, मूडचा बराच भाग तिथेच उतरतो आणि जे उरतं ते खरं तिचं असतं. म्हणजे तुमचे तीन प्रश्न वाटतायत तेवढे वेगळे नाहीत, रात्रीचा फोन सुटला तर सकाळचं भांडण आणि दुपारची चिडचिड दोन्ही सैल होतील, त्यामुळे मी तुमच्या जागी असते तर हात तिथेच घातला असता.

पण त्याआधी ते ‘पुस्तकातलं बोलणं’. तुम्ही बहुतेक एडेल फेबर आणि इलेन मॅझलिश यांचं वाचलं असणार, त्यांचं मूळ पुस्तक १९८० चं आणि किशोरवयीनांसाठीचं २००५ चं, ‘हाऊ टू टॉक सो टीन्स विल लिसन’. या दोघी हाइम गिनॉट यांच्या पालकवर्गात बसलेल्या साध्या आया होत्या, गिनॉट म्हणजे १९६५ ला ‘बिटवीन पेरेंट अँड चाइल्ड’ लिहिणारे मानसशास्त्रज्ञ, आणि मुलाची भावना आधी मान्य करा, वागण्याबद्दल नंतर बोला ही सगळी वाट तिथून आली. पुस्तक चांगलंच आहे, कार्टून आहेत, एका दुपारी वाचून होतं. पण त्यात भावनेला नाव द्यायला सांगितलंय ना, ते आपण मराठीत आणतो आणि होतं काय की "तुला खूप निराश वाटतंय असं दिसतंय" असं वाक्य तोंडातून येतं. आपल्या घरात असं कुणी बोलतं का? तुमची आई तुम्हाला असं म्हणाली असती तर तुम्हीही दचकला असता. मुलीने जे पकडलं ते हे.

त्या पुस्तकातलं वाक्य घेऊ नका, वाक्याच्या आधी जे थांबणं आहे तेवढंच घ्या. ती म्हणाली "सगळ्या टीचर मूर्ख आहेत", तर आपलं नेहमीचं "असं बोलू नये मोठ्यांना" जे जिभेवर तयार असतं ते गिळायचं आणि "बाप रे, काय झालं आज?" किंवा नुसतं "हं, वैताग आला असेल". बास. तुमच्या घरची भाषा जी असेल ती, "डोकं फिरलं असेल ना" चालत असेल तर तेही चालेल. आणि त्यानंतर गप्प बसायचं, हा सगळ्यात अवघड भाग, कारण आपल्याला लगेच बोधकथा सुचते. समोरासमोर बसवून बोलू नका, हे माझं अनुभवाचं मत, स्टेशनवरून चालत येताना, मटार सोलताना, ती केस विंचरत असताना, जिथे डोळ्यात डोळे घालावे लागत नाहीत तिथे ही मुलं बोलतात. "कसा गेला दिवस" हा प्रश्न बंदच करा काही दिवस, तो त्यांना हजेरीसारखा वाटतो. त्याऐवजी तुमच्या दिवसातलं काहीतरी सांगा, लोकलमध्ये काय झालं, ऑफिसमध्ये कोण कसं वागलं, उत्तर नाही आलं तरी सांगा. आणि तिने परत विचारलं की पुस्तकातलं का, तर सरळ म्हणा "हो वाचतेय, मला कळत नाही कधीकधी तुझ्याशी कसं बोलावं". पुस्तक लपवूही नका, हॉलमध्ये राहू दे. फेबर-मॅझलिशच्या त्या पुस्तकात पालक आणि मुलं एकत्र बसून बोलतात असाही भाग आहे, तिला वाचावंसं वाटलं तर वाचेल.

आता फोन. इथे पुस्तकांची सगळ्यात जास्त गर्दी आहे आणि पालकांची सगळ्यात जास्त घाबरगुंडी. जोनाथन हाइट यांचं ‘द अँक्शस जनरेशन’ (२०२४) सगळे वाचतायत, त्यांचं म्हणणं स्मार्टफोन उशिरा द्या, सोळाच्या आधी सोशल मीडिया नको, शाळेत फोन नको, आणि मुलांना बाहेर मोकळं खेळू-फिरू द्या. त्यावर इतर संशोधकांनी हरकतही घेतलीये की फोन आणि नैराश्य एकत्र वाढताना दिसलं म्हणून एकामुळे दुसरं झालं हे सिद्ध होत नाही, यात कँडिस ऑजर्स यांची टीका बरीच गाजली. मी स्वतः हाइटच्या शेवटच्या मुद्द्याकडे जास्त वळते, जो आपल्याकडे कुणी बोलतच नाही. डॅना बॉइड यांनी २०१४ च्या ‘इट्स कॉम्प्लिकेटेड’ मध्ये अमेरिकेतल्या मुलांशी वर्षानुवर्षं बोलून हेच दाखवलंय की मुलांना ओढ फोनची नसते, एकमेकांची असते, आणि भेटायला जागाच उरली नाही म्हणून ती फोनमध्ये भेटतात. आता डोंबिवलीतल्या नववीच्या मुलीचा दिवस बघा, शाळा, मग क्लास, मग होमवर्क, संध्याकाळी सोसायटीत खाली गेली तर "आता मोठी झालीस, काय हुंदडतेस". मैत्रिणींशी निवांत बोलायला तिला पहिला मोकळा तास रात्री अकराला मिळतो. पण ही पुस्तकं वाचून मत बनवा, रात्री अकराला काय करायचं ते त्यांच्यात नाही.

ते ज्याच्यात आहे ते तुमचं दुसरं पुस्तक, वापरायचं. रॉस ग्रीन यांचं ‘द एक्सप्लोसिव्ह चाइल्ड’, पहिल्यांदा १९९८ ला आलं, नंतर सुधारत गेलंय, नवी आवृत्ती घ्या. नावाने घाबरू नका, ते खूप भडकणाऱ्या मुलांसाठी लिहिलंय पण त्यातली बोलण्याची पद्धत कुठल्याही घरात चालते. ग्रीनचं मूळ म्हणणं असं की मुलाला जमत असतं तर त्याने केलंच असतं, म्हणजे अडलंय कुठे ते शोधा, हट्टी आहे आळशी आहे ही लेबलं ठेवा बाजूला. मोठ्यांचे तीन मार्ग तो सांगतो. प्लॅन ए म्हणजे आपण ठरवायचं आणि लादायचं, बाबांनी फोन हिसकावला तो. प्लॅन सी म्हणजे हा विषय सध्या जाणूनबुजून सोडून द्यायचा, खोलीतला पसारा वगैरे, आणि हे हरणं नाही, एका वेळी सगळीकडे लढता येत नाही म्हणून. आणि प्लॅन बी म्हणजे दोघांनी मिळून सोडवायचं, तीन पायऱ्यांमध्ये, आणि भांडणाच्या क्षणी नाही तर शांत वेळ ठरवून.

आमच्या गटातल्या एका आईचं सांगते, तिची परवानगी आहे, मुलगा दहावीतला. सुरुवातीला तिने प्रश्न लिहिला होता "सारखा मोबाईलवर असतो". असा प्रश्न चालत नाही, तो सोडवता येईल इतका नेमका नाहीये आणि त्यात आरोप आहे. आम्ही तो बारीक करत करत इथे आणला, "शाळेच्या आदल्या रात्री अकरा वाजता फोन बाजूला ठेवणं अवघड जातंय". एवढाच. रील्स, गेम, जेवतानाचा फोन, सगळं प्लॅन सी.

पहिली पायरी म्हणजे त्याची बाजू ऐकणं. रविवारी दुपारी तिने विचारलं, "माझ्या लक्षात आलंय की शाळेच्या आदल्या रात्री अकराला फोन ठेवणं जड जातंय तुला, काय होतं नक्की?" उत्तर अर्थातच "माहीत नाही". इथेच बहुतेक जण सोडतात किंवा भाषण सुरू करतात. ग्रीन म्हणतो थांबा, वेळ द्या, आणि तरीही गप्पच असेल तर आपण अंदाज सांगायचे आणि त्याने बोटांनी दाखवायचं, पाच बोटं म्हणजे एकदम बरोबर, एक म्हणजे अजिबात नाही. गप्प मुलांसाठी हे फार उपयोगी आहे, बोलावं लागत नाही. तिने अंदाज सांगितले. गेम अर्धवट राहतो? दोन बोटं. झोपच येत नाही? तीन. मित्र चॅटवर असतात? पाच, आणि मग बोटं खाली ठेवून तो बोलायलाच लागला. क्लासचे सर साडेदहानंतर नोट्स टाकतात, त्या उतरवून घ्याव्या लागतात. त्यानंतर ग्रुप जागा होतो, खरी मजा अकरा ते बारा, आणि सकाळी बसमध्ये सगळे त्याच्यावरच हसत असतात, ज्याने बघितलं नाही तो येडा ठरतो. शिवाय गजर फोनवरच, म्हणून फोन उशाशी. आईला यातलं काहीही माहीत नव्हतं, तिच्या डोक्यात फक्त रील्स होत्या. या पायरीवर उत्तर द्यायचं नाही, फक्त "अजून काय?" विचारत राहायचं, नवीन काही येईनासं होईपर्यंत.

दुसरी पायरी आपली काळजी, थोडक्यात आणि भाषण न करता. तिने सांगितलं, "माझी काळजी ही की पाच-साडेपाच तास झोपून तू शाळेत पेंगतोस आणि सकाळी आपण दोघं भांडूनच घराबाहेर पडतो." झालं. दहावीचं वर्ष, शर्मांचा मुलगा, डोळ्यांचा नंबर, काही काढलं नाही.

तिसरी, "तुझा ग्रुपही सुटणार नाही आणि झोपही होईल असं काही करता येईल का? तुला काय सुचतं?" आधी मुलाला बोलू द्यायचं. जे ठरेल ते दोघांनाही चाललं पाहिजे आणि खरंच जमण्यासारखं पाहिजे, बोलताना गोड वाटून उपयोग नाही. त्यांचं पहिलं ठरलं, अकराला फोन हॉलमध्ये. काही दिवसांतच मोडलं, कारण सरांच्या नोट्स पावणेअकराला आल्या आणि उतरवण्यात अकरा वाजून गेले. बरं, हे मोडणार असं ग्रीनने आधीच लिहून ठेवलंय, पहिला तोडगा क्वचितच टिकतो, तो मोडला म्हणजे परत बसायचं, "तू शब्द दिला होतास" म्हणायचं नाही. दुसऱ्यांदा ठरलं ते असं. नोट्स सकाळी उतरवायच्या, आणि आईने क्लासमध्ये सांगून बघायचं की लवकर टाका. ग्रुप साडेनऊ ते सव्वाअकरा, जेवण झाल्यावर घरातलं कुणी टोकणार नाही. सव्वाअकराला सगळ्यांचे फोन डायनिंग टेबलवर चार्जिंगला, बाबांचासुद्धा, ही अट मुलाने घातली आणि बाबांना ती बरीच जड गेली. दोनशे-अडीचशेचं गजराचं घड्याळ आणलं. आणि शुक्रवार-शनिवार साडेबारापर्यंत सूट. हे टिकलं, परीक्षेच्या आठवड्यात गडबडतं आणि मग परत बसतात. झोप सातच्या आसपास आली, आठ अजून नाही. सकाळचं भांडण मात्र जवळपास गेलं.

तुमच्या मुलीचं कारण वेगळं निघेल, हे धरूनच चाला, म्हणून ही वेळापत्रकं उचलू नका, फक्त पायऱ्या उचला. आणि बाबांना पहिल्या बैठकीत घेऊ नका असं मी सुचवीन, हिसकावण्याचं अजून ताजं आहे. त्यांनी आधी वेगळं जाऊन एवढंच म्हणावं, "त्या दिवशी मी फोन ओढून घेतला ते बरोबर नव्हतं, रात्री फोन नको हे मात्र मला अजून वाटतं." पुढची चर्चा तुमच्यावर सोडावी, आणि टेबलवर आपला फोन ठेवावा.

त्यांचा अमेरिकेचा मुद्दा अर्धा खरा आहे, त्यांना तसं सांगा. त्या पुस्तकांत प्रत्येक मुलाला स्वतःची खोली असते, सोळाव्या वर्षी गाडी असते, आजी-आजोबा दिवाळीपुरतेही दिसत नाहीत. आपल्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं, आणि तुम्ही पहिल्या पायरीवर असताना आजी हॉलमधून म्हणणार "दे फोन फेकून". तर आजीला आधी सांगून ठेवा, काय करताय आणि किती दिवस. दहावीचा बाऊही त्या पुस्तकांत नाही, क्लासचे व्हॉट्सॲप ग्रुप नाहीत. पण मेलाटोनिन तेच आहे आणि भिंतीला येऊन ढकलून जाणंही तेच. आपल्याकडचं वाचायचं असेल तर शोभा भागवत यांचं ‘आपली मुलं’ आहे, त्यातली मुलं तुमच्या मुलीपेक्षा लहान आहेत पण मूल हे वेगळं माणूस आहे ही दृष्टी फार छान येते, आणि पुण्याहून १९८७ पासून निघणारं ‘पालकनीती’ मासिक आहे, मिस्टरांना इंग्रजी पुस्तकाचा कंटाळा असेल तर त्यातला एखादा लेख मोठ्याने वाचून दाखवा.

एक गोष्ट कुठल्याही पुस्तकावर सोडायची नाही. ‘अनटँगल्ड’च्या प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी काळजी कधी करायची यावर एक भाग आहे, तो तरी नक्की वाचा. माझी ढोबळ कसोटी अशी की तुमच्याशी गप्प पण मैत्रिणींशी खिदळते, डान्सला जाते, आवडीचं केलं की दोनदा घेते, तर हे वयाचं गप्पपण आहे. पण सगळ्यांशीच गप्प झाली, मैत्रिणीही सुटल्या, जे आवडायचं ते नको झालं, खाणं-झोप बदलली, आणि हे दोन आठवड्यांवर चाललंय, किंवा फोन वाजला की दचकते, पूर्ण बाह्यांचे कपडे उकाड्यातही काढत नाही, "मी नसते तर बरं" असं एकदा जरी म्हणाली, तर प्लॅन बी वगैरे सगळं बाजूला. त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठायचा, आणि मरणाबद्दल बोलली असेल तर त्याच दिवशी, तिला एकटं न ठेवता. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का तुला?", असं विचारल्याने डोक्यात नवीन काही जात नाही, उलट बोलायला वाट होते. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं, आणि तिथे पालकांनी स्वतःसाठी फोन केला तरी चालतो.

तसं काही नसेल तर येत्या रविवारी दुपारी एकच नेमका प्रश्न घेऊन बसा, अर्धा तास पुरे, पहिल्या दिवशी पहिली पायरीच झाली आणि तोडग्यापर्यंत पोचलाच नाहीत तर उत्तमच. तिने काय कारण सांगितलं ते मला कळवा, त्यावरून पुढचं बोलू.